सरासरी 5, पण कुणाला 1 आणि कुणाला 54: डिस्प्ले कॅम्पेनची फ्रीक्वेन्सी कॅप माणसांवरून कशी ठरवायची?

फ्रीक्वेन्सी कॅप म्हणजे एका माणसाला बॅनर ठरावीक काळात जास्तीत जास्त किती वेळा दाखवायचा याची मर्यादा. तिच्याबद्दल क्लायंट आणि नव्याने मीडिया बाइंगमध्ये आलेली मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. कोकणातलं एक रिसॉर्ट आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी त्याला पुणे, मुंबई आणि कोल्हापूरहून चौकशा हव्या आहेत. 28 दिवसांचं डिस्प्ले कॅम्पेन, हजार इम्प्रेशनला, म्हणजे बॅनर हजार वेळा दाखवायला, 60 रुपये, एकूण खर्च 30,000 रुपये. हे रिसॉर्ट काल्पनिक आहे आणि आकडे हिशोब सोपा जावा म्हणून गोल धरले आहेत.

रिपोर्टमध्ये 5 लाख इम्प्रेशन दिसतायत. यात चूक काय?

चूक काहीच नाही. फक्त तो आकडा बॅनर किती वेळा दाखवला गेला ते सांगतो, किती जणांना दाखवला ते सांगत नाही. एका माणसाला 5 लाख वेळा बॅनर दाखवला तरी रिपोर्टमध्ये 5 लाखच येतील आणि 5 लाख माणसांना एकेकदा दाखवला तरीही 5 लाखच.

म्हणून शेजारी युनिक युजरचा, म्हणजे वेगवेगळ्या माणसांच्या संख्येचा, कॉलम उघडावा लागतो. गुगल ॲड्समध्ये तो `Unique users` या नावाने मिळतो आणि त्याच्याजवळच `Avg. impr. freq. per user` असतो. आपल्या उदाहरणात युनिक युजर आहेत 1 लाख. म्हणजे दर माणशी सरासरी 5 इम्प्रेशन, 28 दिवसांत. ऐकायला अगदी समंजस वाटतं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "फ्रीक्वेन्सी आटोक्यात आहे" असं क्लायंटला कळवून मोकळे होतात.

मग सरासरी 5 असेल तर कॅप लावायची गरजच काय?

सरासरी 5 म्हणजे प्रत्येकाला 5 नव्हे. जाहिरात माणसांमध्ये कधीच सारखी वाटली जात नाही. जो दिवसभर फोनवर असतो त्याच्या पडद्यावरच्या जाहिरातीच्या जागेचे लिलाव जास्त वेळा होतात आणि आपण प्रत्येक लिलावात बोली लावत असतो. त्यामुळे बहुसंख्य लोकांना एकदोनदा आणि मूठभर लोकांना डझनांनी, अशीच वाटणी पडते. आपल्या रिसॉर्टचे 1 लाख लोक गटांत फोडून पाहिले तर चित्र असं दिसतं:

| 28 दिवसांत किती वेळा दिसली | माणसं | त्यांना गेलेली इम्प्रेशन |
|---|---|---|
| 1 | 46,000 | 46,000 |
| 2 ते 3 | 26,000 | 62,000 |
| 4 ते 7 | 15,000 | 77,000 |
| 8 ते 15 | 9,000 | 97,000 |
| 16 किंवा जास्त | 4,000 | 2,18,000 |

शेवटची ओळ पुन्हा वाचा. 100 पैकी 4 माणसांनी जवळजवळ 44 टक्के इम्प्रेशन खाल्ली. त्यांची सरासरी 54 च्या वर जाते. आणि वरच्या टोकाला 46,000 लोकांनी बॅनर फक्त एकदा पाहिला, तोही बहुधा बातमी वाचता वाचता अंगठ्याने वर सरकवताना. "सरासरी 5" या आकड्यात बसणारी माणसं, म्हणजे 4 ते 7 वेळा पाहिलेली, आहेत फक्त 15,000.

म्हणून सरासरी पाहून "5 आहे, मग कॅप 5 ठेवू" असं कधीही करू नये. सरासरी 5 वर 5 ची कॅप लावली की सरासरी 5 राहतच नाही, ती एकदम खाली येते, कारण ती वर ओढून धरणारे हेच 4,000 लोक होते.

ही फोड मिळवायची कुठून? माझ्या खात्यात तर फक्त सरासरी दिसते.

दोन वाटा आहेत. मोठ्या जाहिरातदारांकडे गुगलच्या ॲड्स डेटा हबसारखी सोय असते. तिथे कच्च्या नोंदींवर क्वेरी चालवता येते, मात्र उत्तर समूहाचंच मिळतं, एकट्या माणसाचं नाही. क्वेरीचा गाभा छोटा आहे:

```sql
SELECT freq, COUNT(*) AS users, SUM(freq) AS imps
FROM (
  SELECT user_id, COUNT(*) AS freq
  FROM impressions
  WHERE user_id != '0'
  GROUP BY user_id
)
GROUP BY freq
ORDER BY freq
```

इथे `impressions` च्या जागी आपल्या टेबलचं नाव येईल. `user_id != '0'` ही ओळ विसरलात तर ज्यांची ओळखच पटलेली नाही असे सगळे एकाच "0" नावाच्या माणसात जमा होतात आणि त्या बिचाऱ्याने तुमचा बॅनर लाखभर वेळा पाहिलेला दिसतो. मीही एकदा अशा "माणसा"चं स्पष्टीकरण शोधत अख्खी दुपार घालवली आहे.

दुसरी वाट लहान खात्यांसाठी, आणि मला विचाराल तर तीच जास्त उपयोगी, कारण तिला नुसता युनिक युजरचा कॉलम पुरतो. तारखांचा आवाका वाढवत चार वेळा तोच रिपोर्ट काढायचा: दिवस 1 ते 7, 1 ते 14, 1 ते 21 आणि 1 ते 28. प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्याच दिवसापासून. आपल्या कॅम्पेनमध्ये दर आठवड्याला साधारण 1,25,000 इम्प्रेशन जातात, म्हणजे 7,500 रुपये. युनिक युजर असे निघाले: पहिल्या आठवड्याअखेर 61,000, दुसऱ्याअखेर 80,000, तिसऱ्याअखेर 92,000 आणि चौथ्याअखेर 1,00,000.

म्हणजे पहिल्या 7,500 रुपयांत 61,000 नवी माणसं आली, एकेकाला 12 पैसे पडले. शेवटच्या 7,500 रुपयांत आली फक्त 8,000 नवी माणसं, एकेकाला 94 पैसे. बाकी सगळी इम्प्रेशन आधीच पाहिलेल्यांना पुन्हा गेली. ही चढण सपाट होत जाते तो दिवस म्हणजे कॅम्पेन त्याच त्या लोकांभोवती घिरट्या घालायला लागल्याचा दिवस. शेपटी, म्हणजे डझनांनी वेळा पाहिलेल्या मूठभर लोकांचा गट, किती लांब आहे ते या रीतीने नेमकं कळत नाही, पण शेपटी आहे हे कळतं.

आठवड्यांचे युनिक युजर बेरीज करून महिन्याचे काढले तर?

नाही चालत. पहिल्या आठवड्यात पाहिलेला माणूस दुसऱ्या आठवड्यातही मोजला जातो. गाडीतले रोजचे प्रवासी मोजून त्यांची महिन्याची बेरीज केली तर पासवाला एकच माणूस पंचवीस वेळा येतो, तसंच हे. दोन कॅम्पेनचे, दोन शहरांचे, मोबाइल आणि डेस्कटॉपचे युनिकही बेरजेत धरता येत नाहीत. जो आवाका हवा त्यासाठी रिपोर्ट नव्याने काढायचा. एक्सेलमध्ये खाली बेरजेची ओळ आपोआप येते, ती या कॉलमखालून पुसून टाका, नाहीतर क्लायंट तीच उचलतो.

बरं, फोड मिळाली. पण कॅप नेमकी कितीवर लावायची हे त्यातून कसं ठरतं?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न आहे, म्हणून सावकाश जाऊ.

फोड सांगते की पैसा कुणावर गेला. कॅप ठरवायला त्यापुढचं हवं: कितव्या वेळी दाखवलेल्या बॅनरने काय मिळवून दिलं. इथे माणसांचे गट विसरायचे आणि इम्प्रेशनना क्रमांक द्यायचे. प्रत्येक माणसाचं पहिलं इम्प्रेशन एका डब्यात, दुसरं-तिसरं दुसऱ्या डब्यात, असं. ज्याने 20 वेळा पाहिलं त्याचंही पहिलं इम्प्रेशन पहिल्याच डब्यात जातं.

आपल्या आकड्यांत पहिल्या डब्यात 1,00,000 इम्प्रेशन येतात, कारण प्रत्येकाचं पहिलं असतंच. दुसरं आणि तिसरं मिळून 92,000. चौथं ते सातवं 84,000. आठवं ते पंधरावं 66,000. सोळावं आणि त्यापुढची 1,58,000. बेरीज बरोबर 5 लाख.

आता प्रत्येक चौकशीच्या आधी त्या माणसाने बॅनर शेवटचा कितव्यांदा पाहिला होता ते बघायचं आणि ती चौकशी त्या डब्यात टाकायची. समजा 213 चौकशा आल्या आणि त्या अशा पडल्या: पहिल्या डब्यात 60, दुसऱ्या-तिसऱ्यात 74, चौथ्या ते सातव्यात 50, आठव्या ते पंधराव्यात 13, सोळाव्यापुढे 16.

हजाराला 60 रुपये, म्हणजे एका इम्प्रेशनला 6 पैसे. पहिल्या डब्याचा खर्च 6,000 रुपये, चौकशी पडली 100 रुपयांना. दुसऱ्या-तिसऱ्यात 5,520 रुपयांत 74, म्हणजे सुमारे 75 रुपयांना एक. ही सगळ्यात स्वस्त, आणि ते साहजिक आहे, पहिल्या वेळी नाव वाचलं जातं, दुसऱ्या वेळी तारखा मनात येतात. चौथ्या ते सातव्यात 5,040 रुपयांत 50, पुन्हा 101 च्या आसपास. मग घसरण: आठव्या ते पंधराव्यात चौकशी 305 रुपयांना पडते आणि सोळाव्यापुढे 592 रुपयांना.

पूर्ण कॅम्पेनची सरासरी मात्र निघते 141 रुपये. क्लायंटला तोच आकडा दिसतो आणि तो म्हणतो, ठीक आहे. त्या 141 च्या आत 75 आणि 592 दोन्ही दडलेले आहेत.

आता रिसॉर्टवाल्याला एकच विचारायचं: एक चौकशी तुम्हाला जास्तीत जास्त कितीला परवडते? तो म्हणाला 250 रुपये, तर सातव्यापर्यंत पैसा वसूल आहे आणि आठव्यापासून तोटा. कॅप सातच्या जवळपास. तो म्हणाला 350, तर पंधराव्यापर्यंत जाता येतं. कॅप हा बॅनरचा गुणधर्म नाही, ती धंद्याच्या हिशोबातून येते. म्हणून दुसऱ्याच्या कॅम्पेनमधली कॅप उचलून आणू नये.

पण मी पाहिलं तर जास्त वेळा पाहिलेल्यांचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे त्यांच्यातल्या चौकशी करणाऱ्यांचं प्रमाण, उलट जास्त दिसतो. मग कॅप लावून नुकसानच होईल ना?

हा सापळा फार जुना आहे. माणसांच्या गटांवर कन्व्हर्जन रेट काढलात तर असं दिसणारच. आपल्याच उदाहरणात एकदा पाहिलेल्या 46,000 पैकी आणि 16 किंवा जास्त वेळा पाहिलेल्या 4,000 पैकी किती टक्के लोकांनी चौकशी केली ते काढून बघा. दुसरा गट वरचढच ठरण्याची शक्यता मोठी. कारण ज्यांना आधीपासून कोकणात जायचं आहे ते सतत हॉटेलं शोधत असतात, प्रवासाच्या साइटवर फिरत असतात, साइटवर येऊन गेलेल्यांच्या म्हणजे रिमार्केटिंगच्या यादीत येतात, म्हणून त्यांनाच बॅनर जास्त दिसतो. जास्त दिसला म्हणून त्यांनी चौकशी केली असं नाही, चौकशी करणारेच होते म्हणून त्यांना जास्त दिसला.

दुसरी गोम अशी की चौकशी झाल्यावरही बॅनर दिसतच राहतो. तिसऱ्या इम्प्रेशनला फॉर्म भरलेल्या माणसाला पुढे 20 वेळा बॅनर दिसला तर महिन्याअखेर तो "23 वेळा पाहिलेला, कन्व्हर्ट झालेला" म्हणून मोजला जातो. म्हणून चौकशीच्या आधीचीच इम्प्रेशन मोजायची, आणि चौकशी केलेल्यांची यादी कॅम्पेनमधून पहिल्या दिवसापासून वगळायची. हे काम कॅपच्याही आधीचं.

तिसरी गोम व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जनची, म्हणजे बॅनरवर क्लिक न करता, तो नुसता दिसल्यानंतर झालेल्या चौकशीची. ज्याला रोज बॅनर दिसतो त्याने काहीही केलं तरी त्याच्या आधी आपला बॅनर दिसलेलाच असतो, त्यामुळे श्रेय आपोआप आपल्याकडे येतं. सोळाव्यापुढच्या डब्यातल्या त्या 16 चौकशांपैकी किती आपल्यामुळे आल्या याबद्दल मी फार खात्री देणार नाही.

लोक म्हणतात "3 वेळा दाखवा" किंवा "7 वेळा दाखवा". हे कुठून आलं?

तीनचा आकडा हर्बर्ट क्रुगमन यांच्या नावावर खपवला जातो. त्यांनी 1972 मध्ये टीव्ही जाहिरातींबद्दल लिहिताना मनाच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या: आधी "हे काय आहे?", मग "मला याचं काय?", आणि तिसरी आठवण करून देणारी. त्यांचा मुद्दा असा होता की माणूस तिसऱ्या अवस्थेला विसाव्या वेळीही पोहोचू शकतो. पुढे प्लॅनिंग करणाऱ्यांनी अवस्था गाळल्या आणि आकडा ठेवला. सातचा आकडा तर त्याहून सैल आहे. आपल्या उदाहरणात सात आला तो योगायोग, दुसऱ्या धंद्यात चार येईल, फ्लॅट विकायचा असेल तर कदाचित वीस.

दिवसाची कॅप लावावी, आठवड्याची की महिन्याची?

गुगल ॲड्सच्या डिस्प्ले कॅम्पेनमध्ये तिन्ही मिळतात, आणि कॅम्पेन, ॲड ग्रुप किंवा एकेका ॲडच्या पातळीवर लावता येतात. इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या दिवसाच्या कॅपमध्ये. "रोज 3" ऐकायला कडक वाटतं, पण 28 दिवसांत त्याचे 84 होतात. आपल्या शेपटीतल्या 4,000 लोकांची सरासरी 54 होती, म्हणजे "रोज 3" ने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हातही लावला नसता.

महिन्याची 7 लावली तर उलटा त्रास. फोनला चिकटलेल्या माणसाची सातही इम्प्रेशन पहिल्या एकदोन दिवसांतच संपतात आणि सुट्टीची तारीख जवळ येते तेव्हा त्याला काहीच दिसत नाही.

रिसॉर्टसाठी मी आठवड्याची लावेन. आठवड्याला 2 म्हणजे चार आठवड्यांत जास्तीत जास्त 8, आपल्या हिशोबाच्या जवळ. पण मी लगेच 2 वर जाणार नाही. आधी 3, म्हणजे जास्तीत जास्त 12, एक आठवडा, मग पुन्हा चढण बघायची आणि मग 2. कारण वरचा हिशोब जुन्या वेगाचा आहे. त्यात दुसरं-तिसरं इम्प्रेशन बहुधा एकाच दोन दिवसांत आलं होतं, ते आठवडाभर लांबवलं तर त्याचा तोच परिणाम राहील असं गृहीत धरता येत नाही.

कॅप लावली, तरी काही जणांना जास्त इम्प्रेशन गेलेली दिसतात. कॅप मोडली का?

बहुतेक वेळा नाही. गुगलच्या डिस्प्लेमध्ये कॅपसाठी फक्त दिसण्याजोगी इम्प्रेशन मोजली जातात. बॅनरचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर असेल तर ते दिसण्याजोगं. पानाच्या तळाशी लोड झालेला आणि कुणी खाली सरकून न पाहिलेला बॅनर एकूण इम्प्रेशनमध्ये येतो, कॅपमध्ये नाही. म्हणून कॅप 7 असताना एखाद्याच्या नावावर 11 इम्प्रेशन असणं शक्य आहे. तुलना करायची तर दिसण्याजोग्या इम्प्रेशनच्या कॉलमशी करा.

दुसरं कारण ओळखीचं. यंत्रणा माणूस ओळखत नाही, ब्राउझरची कुकी किंवा फोनची जाहिरात-ओळख ओळखते. सफारीने मार्च 2020 पासून तृतीय पक्षाच्या कुकीज पूर्ण बंद केल्या, आणि एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 आल्यापासून ॲपना माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते. त्यामुळे आयफोनवर तोच माणूस दर वेळी नवा वाटू शकतो. कॅपला तो सापडतच नाही, आणि रिपोर्टमधला युनिकचा आकडा अशा ठिकाणी मोजून नव्हे तर अंदाजाच्या मॉडेलने येतो. आपल्याकडे अँड्रॉइड आणि क्रोमचं प्रमाण मोठं आहे, म्हणून ही गळती त्या मानाने कमी. तरी एकच माणूस क्रोममध्ये एक आणि ॲपमध्ये दुसरा मोजला जातो, आणि घरात आईचा फोन तीन मुलं वापरत असतील तर तिथे उलट चार जण एक होतात.

याचा अर्थ असा की "एकदाच पाहिलेले 46,000" या आकड्यात काही जण खरं तर दोनदा-तीनदा पाहिलेले आहेत. खरी शेपटी रिपोर्टमधल्यापेक्षा थोडी लांबच असते. कॅप ठरवताना मी म्हणूनच हिशोबातल्या आकड्याच्या वर कधी जात नाही, खाली एखादा जातो.

माझी तीन कॅम्पेन चालू आहेत. प्रत्येकावर आठवड्याला 3 लावली, म्हणजे झालं ना?

म्हणजे एका माणसाला आठवड्याला 9. गुगल ॲड्समधली कॅप आपापल्या कॅम्पेनपुरती असते, तिन्ही एकमेकांना विचारत नाहीत. प्रेक्षक एकच असेल तर शक्यतो एका कॅम्पेनमध्ये तीन ॲड ग्रुप करून वर एकच कॅप लावा. गुगलचं जाहिरात खरेदीचं दुसरं साधन डीव्ही360 वापरत असाल तर तिथे वरच्या पातळीवर कॅप लावून खालच्या सगळ्यांना एकत्र बांधता येतं, आणि ज्या पातळीची कॅप सगळ्यात घट्ट ती लागू होते.

शेपटीतली ती 4,000 माणसं खरी असतात का?

काही असतात, काही नसतात. कॅप लावण्याआधी प्लेसमेंटचा, म्हणजे बॅनर कुठल्या साइट आणि ॲपवर दिसला त्याचा, रिपोर्ट इम्प्रेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावून बघाच. वरच्या चारपाच ओळींत लुडो, टॉर्च, लहान मुलांचं रंगवायचं ॲप अशी नावं असतील तर शेपटीचं कारण तिथेच आहे. ॲपमधला बॅनर ॲप उघडं असेपर्यंत ठरावीक वेळाने बदलत राहतो. एक मूल तासभर खेळत बसलं तर एकाच फोनवर डझनांनी इम्प्रेशन होतात, आणि त्यातलं एकही रिसॉर्ट बुक करणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ती ॲप वगळा, आठवडाभर थांबा, मग पुन्हा फोड काढा आणि मगच कॅप ठरवा. उलटं केलंत तर कॅप त्या मुलाला आठवड्याला 2 वर आणेल आणि उरलेला पैसा तसल्याच दुसऱ्या फोनकडे जाईल. रिपोर्टमध्ये युनिक वाढलेले दिसतील, चौकशा जिथल्या तिथे.

रिमार्केटिंगलाही हीच कॅप?

नाही. तिथे आकडा बिघडतो तो बजेटमुळे. साइटवर येऊन गेलेल्यांची यादी 3,000 जणांची आहे आणि क्लायंटने रोज 1,000 रुपये लावायला सांगितले. हजाराला 60 च्या भावाने रोज 16,600 च्या वर इम्प्रेशन होतात, म्हणजे प्रत्येकी रोज साडेपाच. बारा दिवसांत माणशी 66. इथे कॅप लावलीत तर पैसे खर्च होणार नाहीत आणि क्लायंट विचारेल की बजेट का उरलं. बजेटच चुकलं होतं. रोज प्रत्येकी 1 हवं असेल तर 3,000 इम्प्रेशन, म्हणजे 180 रुपये पुरतात. यादी गुणिले हवी ती फ्रीक्वेन्सी गुणिले भाव, हा हिशोब आधी मांडला की कॅप नुसती राखणदार राहते.

कॅपने वाचलेले पैसे नव्या लोकांवर आपोआप जातात का?

कधी जातात, कधी नुसते उरतात. आपल्या उदाहरणात सातव्यानंतरची 2,24,000 इम्प्रेशन सुटतात, 13,440 रुपयांची. उरलेल्या 2,76,000 इम्प्रेशनमध्ये तेच 1 लाख लोक माणशी पावणेतीनच्या सरासरीने सांभाळले जातात. त्याच सरासरीने सुटलेली इम्प्रेशन नव्या माणसांवर गेली तर 81,000 नवे लोक यायला हवेत.

तेवढे येणार नाहीत. पहिलं म्हणजे तेवढे लोक त्या टार्गेटिंगमध्ये शिल्लक असायला हवेत. चढण चौथ्या आठवड्यात जवळजवळ सपाट झाली होती, ते काही प्रमाणात प्रेक्षक संपत आल्याचंही लक्षण असतं. दुसरं, जे सहज सापडत होते त्यांना यंत्रणेने आधीच गाठलेलं असतं, पुढच्यांसाठी भाव चढतो. कॅपनंतर हजाराचा भाव 60 चा 70-75 झाला तर घाबरून कॅप काढू नका. चौकशीचा भाव बघा. पण रोजचं बजेट निम्मंही खर्च होत नसेल तर प्रेक्षक अपुरा आहे. नाशिक, सांगली, बेळगाव जोडा, किंवा कॅप एकाने सैल करा.

स्मार्ट बिडिंग, म्हणजे बोली गुगलनेच ठरवण्याची सोय, चालू असेल तरीही कॅप लावायची?

चौकशा भरपूर येत असतील, महिन्याला शेकड्यांनी, आणि बोली कन्व्हर्जनवर चालत असेल तर आधी गुगललाच फ्रीक्वेन्सी ठरवू द्यावी असं माझं मत आहे. ती यंत्रणा सोळाव्या इम्प्रेशनची किंमत थोडीफार स्वतःच ओळखते. पण तीही त्याच व्ह्यू-थ्रूच्या श्रेयावर शिकत असेल तर शेपटीलाच खतपाणी घालते. चौकशा कमी असतील किंवा बोली क्लिकवर वा दिसण्याजोग्या इम्प्रेशनवर असेल तर कॅप हाताने लावाच.

कॅप बरोबर लागली हे तपासायचं कसं?

आधीचा महिना आणि नंतरचा महिना यांची तुलना करू नका, दिवाळी मध्ये येते. टार्गेटिंग, बॅनर आणि भाव सारखे ठेवून कॅम्पेनचे दोन भाग करा. एकावर आठवड्याला 2, दुसऱ्यावर कॅप नाही, आणि दोन्ही चार आठवडे एकाच वेळी चालू द्या. एकच माणूस दोन्हीकडे जाऊ नये म्हणून गुगल ॲड्सच्या एक्सपेरिमेंटमधून वाटणी करता येते. तसं जमत नसेल तर शहरं वाटून घ्या, मात्र पुण्यासमोर कोल्हापूर नको, दोन्ही बाजूंना एकेक मोठं आणि एकेक छोटं शहर ठेवा.

शेवटी तीन आकडे शेजारी लिहा: युनिक युजर, एका युनिक युजरचा खर्च, आणि एका चौकशीचा खर्च. चौकशा फोनवर येत असतील तर रिसॉर्टच्या रिसेप्शनवरच्या वहीतल्या नोंदीही मागून घ्या, कारण बॅनर पाहून थेट फोन करणारे रिपोर्टमध्ये येतच नाहीत. युनिक वाढले आणि चौकशीचा खर्च तेवढाच राहिला किंवा उतरला तर कॅप ठेवा. युनिक वाढले पण चौकशा पडल्या, तर नवे लोक चुकीचे आहेत, आणि मग कॅपमध्ये नव्हे, टार्गेटिंगमध्ये हात घालावा लागेल.

आणि 30-40 चौकशांच्या फरकावर निकाल लावू नका. त्या आकड्यांवर दोन्ही बाजू नुसत्या नशिबानेही पुढेमागे होतात. अशा वेळी आणखी दोन आठवडे चालवा, किंवा चौकशीऐवजी "दर आणि तारखा" पानापर्यंत पोहोचलेले लोक मोजा, ते संख्येने जास्त असतात.